फुलबाजीच्या उजेडात चेहरा राखताना

संध्याकाळच्या समारंभात एखादी मुलगी टिकल्यांनी मढवलेले जाकीट घालून, गालांवर चमकी लावून आणि हातात पेटती फुलबाजी धरून उभी राहते, तेव्हा डोळ्यांना तिचा चेहरा, हसू आणि ठिणग्या असे सगळे एकदम व्यवस्थित दिसते. फोटोत मात्र चेहऱ्याच्या जागी पिवळट-पांढरा डाग उमटतो, नाकाची कड नाहीशी होते आणि जाकिटावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी होते. हा दोष बहुतेक वेळा फुलबाजीच्या माथी मारला जातो, पण त्यातला मोठा वाटा कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनाचा असतो. चौकटीतला बराचसा भाग काळोखाने भरलेला असल्यामुळे कॅमेरा एकूण दृश्य अंधारे आहे असे ठरवतो आणि ते उजळण्यासाठी जास्त प्रकाश आत घेतो. फुलबाजीजवळ असलेल्या चेहऱ्यावर आधीच पुरेसा प्रकाश असतो, त्यामुळे ही वाढ नेमकी त्याच्याच मुळावर येते.

या लेखात एकच प्रसंग घेतला आहे. एक व्यक्ती, तिच्या हातात एक फुलबाजी, अंगावर टिकल्यांचा पोशाख, गालांवर थोडी चमकी आणि मागे काळोख. हा एक प्रसंग हाताळता आला की गर्दीचे फोटो काढतानाही तीच रीत चालते.

कोणता पांढरा चालतो आणि कोणता नाही

कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी एक भेद मनात पक्का करावा. फुलबाजीचा जळता गाभा, ठिणग्या आणि टिकल्यांवरच्या बारीक चमका या जागा फोटोत पूर्ण पांढऱ्या झाल्या तरी काही बिघडत नाही. त्यांत पाहण्यासारखा तपशील मुळातच नसतो आणि त्या करड्या पडल्या तर फोटो निस्तेज दिसतो. त्वचेचे तसे नाही. गाल, कपाळ आणि नाक यांवर उजेडापासून सावलीकडे जाणाऱ्या हळुवार छटा असतात आणि चेहऱ्याचा आकार आपल्याला त्या छटांमुळेच कळतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठरवताना फक्त त्वचेकडे पाहावे आणि बाकीची चमक पांढरी होत असेल तर ती होऊ द्यावी. नवखे छायाचित्रकार अनेकदा याच्या उलट करतात. पडद्यावर फुलबाजीचा गाभा पांढरा दिसला की ते एक्स्पोजर कमी करत जातात आणि शेवटी गाभा तसाच पांढरा राहून चेहरा तेवढा काळा होतो.

गालावर चमकी असेल तर हा भेद करणे जरा अवघड जाते, कारण दोन्ही प्रकारचे पांढरे एकाच जागी येतात. चमकीचा प्रत्येक कण साधारणपणे अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर दिलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा असतो, म्हणजे तो एक चिमुकला आरसाच असतो. फोटो पडद्यावर मोठा करून गाल पाहावा. पांढरे कण सुटे सुटे दिसत असतील आणि त्यांच्या मधल्या जागेत त्वचेचा पोत व रंग शाबूत असेल, तर एक्स्पोजर योग्य आहे. कण एकमेकांत मिसळून गालावर एकसलग पांढरा किंवा फिकट पिवळा पट्टा झाला असेल, तर चेहरा जळला आहे असे समजावे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पूर्ण चौकट पाहताना हा फरक सहसा लक्षात येत नाही, म्हणून फोटो मोठा करण्याचा कंटाळा करू नये.

फुलबाजी कुठे धरायची

सर्वांत जास्त फरक कॅमेऱ्यातल्या कोणत्याही सेटिंगपेक्षा फुलबाजी आणि चेहरा यांच्यातल्या अंतराने पडतो. लहान प्रकाशस्रोतापासून अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो आणि तिप्पट केले की तो एक नवमांश होतो. छायाचित्रणात प्रकाश निम्मा होण्याला किंवा दुप्पट होण्याला एक स्टॉप म्हणतात. त्या हिशेबाने चेहऱ्यापासून २० सेंटिमीटरवर धरलेली फुलबाजी ६० सेंटिमीटरवर नेली, तर चेहऱ्यावरचा प्रकाश तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी होतो.

जवळ धरण्यात याहून मोठी अडचण अशी की चेहऱ्याच्या दोन बाजूंना पडणाऱ्या प्रकाशात प्रचंड तफावत येते. फुलबाजी एका गालापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि दुसरा गाल तिच्यापासून ३२ सेंटिमीटरवर असेल, तर जवळच्या गालावर दूरच्या गालाच्या अडीचपट प्रकाश पडतो. नाकाची सावली त्यात मिळाली की एक बाजू जळलेली आणि दुसरी काळवंडलेली दिसते आणि कोणत्याही एका सेटिंगने दोन्ही सांभाळता येत नाहीत. तीच फुलबाजी ६० सेंटिमीटरवर असेल तर दूरचा गाल ७२ सेंटिमीटरवर येतो आणि प्रकाश जेमतेम दीडपट राहतो. म्हणून हात जवळजवळ पूर्ण लांब करून, फुलबाजी छातीच्या उंचीवर, शरीराच्या थोडी पुढे आणि बाजूला धरण्यास सांगावे. ती चेहरा आणि कॅमेरा यांच्या मधोमध आली तर तिची प्रखर प्रभा चेहऱ्यावरच पसरते, आणि अगदी खाली धरली तर हनुवटीखालून येणाऱ्या प्रकाशामुळे चेहरा भुतासारखा दिसतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हेच अंतर योग्य आहे. फुलबाजीची जळती सळई १००० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकते आणि विझल्यानंतरही बराच वेळ तापलेली राहते. लोंबते केस आणि सैल बाह्या तिच्यापासून दूर ठेवाव्यात, पाण्याची बादली जवळ असावी आणि कॅमेरा किमान दीड मीटर मागे ठेवावा, कारण ठिणगी भिंगाच्या काचेवर पडली तर तिचा डाग कायमचा राहू शकतो. टिकल्या बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात आणि ठिणगीने वितळतात, हेही पोशाख घालणाऱ्या व्यक्तीला आधीच सांगितलेले बरे.

जागेबरोबर वेळही निवडता आली तर सूर्यास्तानंतरची पंधरा ते तीस मिनिटे साधावीत. त्या वेळी आकाशात निळसर उजेड शिल्लक असतो, चेहऱ्याची सावलीतली बाजू त्याने थोडी भरून निघते आणि पार्श्वभूमीही पूर्ण काळी पडत नाही. पूर्ण अंधार झाल्यावर हेच काम करण्यासाठी एखादा मंद दिवा मागच्या बाजूला मुद्दाम लावावा लागतो.

कॅमेरा आपल्या हाती घेणे

आता कॅमेरा मॅन्युअल मोडवर न्यावा. स्वयंचलित मोडमध्ये फुलबाजी चौकटीत थोडी सरकली किंवा जाकिटावरच्या टिकल्या एकदम चमकल्या तरी कॅमेरा दर वेळी नवा निर्णय घेतो, त्यामुळे लागोपाठच्या पाच फोटोंत चेहरा पाच वेगवेगळ्या उजेडांत दिसतो. सुरुवातीला भिंगाचे छिद्र म्हणजे अॅपर्चर एफ २.८, शटर उघडे राहण्याचा वेळ १/१२५ सेकंद आणि प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६०० ठेवावा. फुलबाज्यांची प्रखरता सारखी नसते, त्यामुळे हे आकडे केवळ आरंभबिंदू समजावेत. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात साठवावा आणि प्रकाशाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित न ठेवता बल्बच्या चिन्हावर, म्हणजे साधारण ३२०० केल्विनच्या आसपास, स्थिर करावा.

व्हाइट बॅलन्सचा चेहरा जळण्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे पडू शकतो. फुलबाजीचा प्रकाश, विशेषतः लोहकणांच्या सोनेरी फुलबाजीचा, तांबूस-पिवळा असतो आणि त्वचाही लाल रंग अधिक परावर्तित करते. या दोन्हींमुळे चेहऱ्यावर लाल रंगाची नोंद हिरव्या आणि निळ्याच्या खूप आधी कमाल मर्यादेला पोहोचते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कोणता उजेड फोटोत किती आहे ते दाखवणारा आलेख, व्हाइट बॅलन्स लावून तयार केलेल्या चित्रावरून काढलेला असतो, त्यामुळे उन्हासाठीचा व्हाइट बॅलन्स ठेवला तर तो लाल रंग फुगवून दाखवतो, आणि स्वयंचलित ठेवला तर प्रत्येक फोटोत त्याचे माप बदलते. एकच स्थिर व्हाइट बॅलन्स ठेवल्याने निदान मोजपट्टी तरी कायम राहते.

याच कारणासाठी एकाच आलेखाचा साधा हिस्टोग्राम पुरेसा होत नाही. तो तिन्ही रंगांची एकत्रित उजळता दाखवतो आणि तीत लाल रंगाचा वाटा मर्यादित असतो. परिणामी लाल रंग पूर्ण भरून गेला तरी एकत्रित आलेख उजव्या कडेपासून दूर, अगदी सुरक्षित असल्यासारखा दिसतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम मेनूत शोधून चालू करावा. उजव्या कडेला लाल आलेखाची एक बारीक उभी रेघ नेहमीच दिसेल, ती फुलबाजीच्या गाभ्याची आणि टिकल्यांची असते. चेहऱ्याचा लाल फुगवटा मात्र त्या कडेच्या अलीकडेच उतरला पाहिजे. जास्त उजळ झालेल्या जागा लुकलुकून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात असेल तर तिचाही उपयोग करावा. ठिणग्या आणि टिकल्या लुकलुकल्या तर लुकलुकू द्याव्यात, गाल किंवा कपाळ लुकलुकले की एक्स्पोजर कमी करावे.

आधीच माप घ्यायचे असेल तर चौकटीतल्या एका छोट्या वर्तुळापुरता प्रकाश मोजणारे स्पॉट मीटरिंग वापरून ते उजळ बाजूच्या कपाळावरून घ्यावे. गालावर चमकी असते आणि मापाच्या छोट्या वर्तुळात तिचे चार कण आले तरी आकडा फसवा येतो. मीटर ज्या जागेवरून माप घेतो ती जागा मध्यम करडी यावी असा त्याचा हिशेब असतो. म्हणून उजळ त्वचेसाठी त्या मापापेक्षा साधारण एक स्टॉप अधिक एक्स्पोजर द्यावे, गव्हाळ त्वचेसाठी माप आहे तसे ठेवावे आणि गडद त्वचेसाठी एक स्टॉपपर्यंत कमी करावे. फुलबाजी सहसा एका मिनिटाच्या आत संपते, त्यामुळे मापासाठी एक फुलबाजी वेगळी ठेवणे शहाणपणाचे ठरते. पेटल्या पेटल्या पहिले दोन-तीन सेकंद ज्वाला अस्थिर असते, ते सोडून मगच माप घ्यावे.

प्रत्यक्ष हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. वर वर्णन केलेल्या मुलीने फुलबाजी चेहऱ्यापासून २० सेंटिमीटरवर धरली होती आणि स्वयंचलित मोडने आयएसओ ३२००, एफ २.८ आणि १/६० सेकंद ही सेटिंग निवडली होती. तिचा चेहरा पूर्ण पांढरा आला आणि तिन्ही रंग उजव्या कडेला जाऊन आपटले. पहिल्या बदलात कॅमेरा मॅन्युअलवर नेऊन तीच सेटिंग कायम ठेवली आणि फक्त हात लांब करून फुलबाजी ६० सेंटिमीटरवर नेली. तीन स्टॉप प्रकाश कमी झाल्यावर डोळे, नाक आणि ओठ परत दिसू लागले, पण फुलबाजीकडचा गाल अजून सपाट नारिंगी होता. हिरवा आणि निळा आलेख आता कडेच्या आत आले होते, लाल मात्र कडेला चिकटलेलाच होता. दुसऱ्या बदलात शटर १/१२५ केले, तेव्हा लाल फुगवटा कडेला नुसता टेकला. तिसऱ्या बदलात आयएसओ १६०० केला आणि तो कडेपासून स्पष्ट आत आला, गालावरचे चमकीचे कण सुटे झाले आणि जाकिटावर पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी टिकल्यांच्या ओळी दिसू लागल्या. एकूण पाच स्टॉपचा हा बदल होता आणि त्यातले तीन स्टॉप नुसत्या हात लांब करण्यातून मिळाले. कॅमेऱ्यातल्या दोन स्टॉपमुळे पार्श्वभूमी तेवढीच गडद झाली, ही त्याची किंमत. ती मोजायची नसेल तर मागचा दिवा वाढवावा, चेहऱ्याचे एक्स्पोजर पुन्हा वाढवू नये.

फुलबाजीची प्रखरता क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे एवढे सगळे जुळल्यावरही अर्धा स्टॉप हातात राखून ठेवावा आणि दर वेळी पाच-सहा फोटो सलग काढावेत. फोकस डोळ्यावर असल्याची खात्री करावी, कारण स्वयंचलित फोकस ठिणग्यांकडे ओढला जातो. भिंगावर संरक्षक काच लावलेली असेल तर ती या कामापुरती काढावी. प्रखर गाभ्याचे प्रतिबिंब तिच्यावर उमटते आणि फोटोत भलत्याच ठिकाणी, कधी कधी नेमके कपाळावर, एक फिकट ठिपका तरंगताना दिसतो.

टिकल्या आणि फ्लॅश

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोर मारला तर टिकल्यांच्या पोशाखाची अगदी दैना होते. टिकली हा सपाट किंवा किंचित खोलगट आरसा असतो आणि प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात तो पलीकडे परततो. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे भिंगाकडे तोंड केलेली प्रत्येक टिकली तो झोत थेट भिंगात परत पाठवते. यावर सोपा उपाय म्हणजे व्यक्तीला थोडे तिरके उभे करणे. आरसा १५ अंश फिरला की परावर्तित किरण ३० अंश वळतो, त्यामुळे खांदे जरासे वळवले तरी बहुतेक चमका भिंगाला चुकवतात. टिकल्या लोंबत्या असतील तर काही चुकार चमका राहतातच आणि त्या राहाव्यातही, नाहीतर टिकल्यांचा पोशाख घातल्याचे सार्थक काय?

सावली भरण्यासाठी अधिक प्रकाश हवाच असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला सुमारे ४५ अंशांवर ठेवावा, त्याची शक्ती अगदी कमी, म्हणजे पूर्ण शक्तीच्या १/३२ पासून सुरू करावी आणि त्याच्यापुढे पांढरी छत्री किंवा ताणलेले पांढरे कापड धरावे. हा मोठा पांढरा पृष्ठभाग व्यक्तीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा. जवळ आणल्याने टिकल्या जास्त चमकतील असे वाटते, पण घडते उलटे. टिकलीत आपल्याला त्या कापडाचे प्रतिबिंब दिसत असते आणि कापड जवळ आले म्हणून प्रतिबिंबाची प्रखरता वाढत नाही, फक्त आकार वाढतो. त्वचा मात्र प्रकाश सर्व दिशांना विखुरते, त्यामुळे कापड जवळ येताच ती भरभर उजळते. मग फ्लॅशची शक्ती कमी करून त्वचा पुन्हा योग्य पातळीवर आणली की टिकल्यांची चमक त्याच प्रमाणात खाली उतरते. आता आधीपेक्षा जास्त टिकल्या उजळलेल्या दिसतात, पण सौम्यपणे, आणि त्यांचा मूळ रंगही दिसू लागतो.

चमक मारण्यासाठी पोलरायझर फिल्टर लावण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. पाणी आणि काच यांच्यावरच्या चमकेसाठी तो रास्त आहे, पण धातूचा थर असलेल्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश त्या प्रकारे ध्रुवीकृत होत नाही, त्यामुळे टिकल्या आणि चमकी यांवर त्याचा परिणाम अत्यल्प होतो. वर तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, जो संध्याकाळी आपल्याला परवडत नाही.

फोनवर काढताना

फोनवरही क्रम हाच ठेवावा, साधने तेवढी कमी असतात. प्रथम मागच्या भिंगाची काच मऊ कापडाने पुसावी. बोटांच्या तेलकट ठशामुळे फुलबाजीभोवती धुक्यासारखी प्रभा पसरते आणि चेहरा तिच्यात बुडतो, मग लोक उगाच सेटिंग बदलत बसतात. फ्लॅश आणि नाइट मोड दोन्ही बंद करावेत. नाइट मोड अनेक क्षणांचा प्रकाश एकत्र करून काळोख उजळवतो, आणि आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. त्यानंतर पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरावे. बऱ्याच फोनवर अशाने फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, काहींवर `AE/AF LOCK` अशी अक्षरेही दिसतात. मग शेजारच्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली सरकवून गालाचा पोत दिसेपर्यंत उजेड कमी करावा. हे कुलूप फुलबाजी पेटल्यानंतरच लावावे, कारण अंधारात लावलेले कुलूप अंधाराचेच एक्स्पोजर धरून बसते.

संगणकावर काय परत मिळते

रॉ फोटोत फक्त लाल रंग थोडा ओलांडला असेल तर संपादन प्रणालीतील `Highlights` ची पट्टी खाली आणल्यावर गालाचा आकार बराचसा परत येतो, कारण उरलेल्या दोन रंगांत तपशील शिल्लक असतो. ही दुरुस्ती केवळ चेहऱ्यापुरती निवड करून करावी. संपूर्ण फोटोवर केली तर ठिणग्या करड्या पडतात आणि टिकल्या मातकट दिसतात. पट्टी खाली आणताना गालावरचा डाग उजळ राहण्याऐवजी सपाट करडा किंवा मेणासारखा पिवळा होत असेल, तर तिन्ही रंग संपलेले आहेत आणि तेथे परत आणण्यासारखे काही उरलेले नाही. अशा वेळी सलग काढलेल्या फोटोंपैकी ज्या क्षणी फुलबाजी थोडी मंद झाली होती तो फोटो घ्यावा.